बाराशे तीसचा फरक

आमच्या ऑफिसात कुणाचाही वाढदिवस असला, की खीळकाकू केकच्या टेबलापाशी येऊन आधी माणसं मोजायच्या. आलेली नव्हे, न आलेली. "सपोर्टमधलं कुणीच दिसत नाही," असं त्या म्हणाल्या, की कुणीतरी तोंड वाकडं करून वरच्या मजल्यावर फोन लावायचा. तोवर मेणबत्ती अर्धी व्हायची. वाढदिवस कुणाचा आणि घाई कुणाला, पण सगळ्यांत जास्त चरफडायचो मी.

खीळकाकू हे त्यांचं पाठीमागचं नाव. तोंडावर आम्ही त्यांना ताई म्हणायचो. चालत्या गाडीला खीळ घालतात म्हणून खीळ, आणि पन्नाशी उलटलेली म्हणून काकू. हे बारसं मीच केलं होतं, तेव्हा पुढची कबुलीही मीच दिलेली बरी.

आमची कंपनी दवाखान्यांच्या वेळा ठरवून देणारं ॲप चालवते. माणसाने ॲप उघडायचं, डॉक्टर निवडायचा, वेळ निवडायची, झालं. त्यातलं वेळ निवडायचं पान मी नव्याने बनवलं होतं. मी डिझायनर, सहा महिन्यांच्या करारावर आलेला, आणि करार संपायला तीन आठवडे उरलेले. आमच्या टीमचा प्रमुख, ज्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं की हे पान प्रयोगात जिंकलं तर तुझी कायम नेमणूक मी वरून मंजूर करून आणतो. हरलं तर काय, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हा प्रयोग म्हणजे फार गहन काही नसतं. येणाऱ्या माणसांचे नाणं उडवल्यासारखे दोन गट पाडायचे. ए गटाला जुनं पान दाखवायचं, बी गटाला नवं. कुणाला काय मिळालं हे नशिबाने ठरलेलं असल्यामुळे दोन्ही गट एकमेकांसारखेच असतात. मग कोणत्या गटात जास्त लोकांनी वेळ ठरवली ते पाहायचं. जो काही फरक दिसेल तो पानाचा, माणसांचा नव्हे.

दोन आठवडे मी देव पाण्यात ठेवून बसलो होतो. दर तासाला आकडे बघायचे, उठून बाटली भरायची, परत येऊन आकडे बघायचे. शेजारचा प्रोग्रॅमर म्हणाला की एवढं पाणी पितोस तर मूत्रपिंडं तरी कायम होतील. पण आकडे चांगले येत होते. जुनं पान पाहिलेल्या शंभरांतले बासष्ट जण वेळ ठरवत होते, नवं पाहिलेल्यांतले जवळजवळ पावणेत्रेसष्ट. दिसायला फरक एवढासा, पण एवढ्या गर्दीत तो खरा मानावा इतका होता. बारावा दिवस संपला तशी मी घरी बायकोला सांगून टाकलं की मी कायम झालो. त्याच भरात बाबांनाही फोन केला. बाबा निवृत्त टपाल कर्मचारी, माझ्या कोणत्याच नोकरीवर त्यांचा विश्वास नाही. ते फोनवर पहिल्यांदाच "शाब्बास" म्हणाले आणि अर्ध्या तासात त्यांनी सगळ्या गल्लीत सांगून टाकलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

आणि चौदाव्या दिवशी सकाळी दिवा लाल झाला.

हा दिवा खीळकाकूंचाच, प्रयोगांचे आकडे तपासणं हे त्यांचं काम. प्रत्येक प्रयोगाच्या निकालावर, अगदी वर, एक बारीक ठिपका. गटांतली माणसं ठरल्या प्रमाणात असतील तर हिरवा, नसतील तर लाल. लाल असेल तर खालचा निकाल वाचायचाच नाही, हा त्यांचा नियम. पुस्तकी भाषेत याला सॅम्पल रेशो मिसमॅच म्हणतात. काकू म्हणायच्या, "रेशो बिघडलाय." दूध बिघडलंय म्हणावं तशा.

जुनं पान पाहिलेले एकोणचाळीस हजार पाचशे चाळीस. नवं पाहिलेले अडतीस हजार तीनशे दहा. बाराशे तीसचा फरक.

मी तावातावाने त्यांच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, ताई, अठ्ठ्याहत्तर हजारांत बाराशे म्हणजे दरवाजात सांडलेले दाणे, नाणं उडवलं तरी कधी छापा जास्त, कधी काटा. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि शांतपणे सांगितलं की एवढ्या माणसांत दोन-तीनशेचा फरक त्यांना चालतो, सहाशेचाही क्वचित पडतो, पण बाराशेचा केवळ नशिबाने पडण्याची शक्यता लाखात एक आहे. म्हणजे कुठेतरी गळतंय. आणि गळतंय कुठे हे कळेपर्यंत तुझे पावणेत्रेसष्ट मी धरत नाही.

"मी तुमचं काय घोडं मारलंय हो?" मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "माझं नाही. पण त्या बाराशेंचं कुणीतरी मारलंय."

हे बोलणं मला तेव्हा भयंकर झोंबलं. आढावा बैठक दुसऱ्या दिवशी अकराला होती. मी जिन्यात चार फेऱ्या मारल्या, खाली जाऊन रस्त्यावर उभा राहिलो, बसथांब्यावरच्या लोकांकडे उगाच रागाने पाहिलं आणि वर आलो. बायकोचा मेसेज होता की तिच्या मैत्रिणी अभिनंदन म्हणतायत. माझा पाय टेबलाखाली थांबेना.

आणि मग मला अक्कल सुचली. अति शहाण्याला सुचते तशी. दिवा लाल कशाने? ए गटात माणसं जास्त म्हणून. मग कमी करायची. मी ए गटातले बाराशे तीस लोक निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून हिशेबातून काढून टाकले. माझ्या मनाची मी अशी समजूत घातली की यात फसवणूक कसली? निवडून निवडून काढले असते तर गोष्ट वेगळी, हे तर डोळे मिटून काढलेत. तपासून पाहिलं तर ए गटाचे टक्केही हलले नव्हते. तेच बासष्ट. दिवा हिरवा झाला. दुपारी चारला मी "डेटा साफ केला" अशी एक ओळ लिहून निकाल पाठवून दिला आणि दिवसभरात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

पाच वाजता खीळकाकू माझ्या टेबलापाशी आल्या. त्या कधी कुणाच्या टेबलापाशी यायच्या नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि पडद्यावरच्या दोन आकड्यांवर पेन टेकवलं. अडतीस हजार तीनशे दहा. अडतीस हजार तीनशे दहा.

"एवढ्या हजारांत एकाचाही फरक नाही?" त्या म्हणाल्या. "असं साडेतीनशेत एकदा होतं. खरं नाणं इतकं गुणी नसतं. दोनेकशे इकडेतिकडे व्हायलाच हवेत."

झाकली मूठ उघडली होती आणि आत काही नव्हतं. आता त्या सरळ कॅप्टनकडे जाणार, असं मी धरून चाललो. त्या उठल्या नाहीत. उलट त्यांनी मला त्यांची एक जुनी गोष्ट सांगितली, आणि तीही नेहमीच्या सुरात, जणू दुसऱ्याच कुणाची.

विशीत त्या घरोघर जाऊन पाहणी करणाऱ्या एका कार्यालयात होत्या. हातात यादी, यादीत चिठ्ठ्या टाकून निवडलेली घरं. वस्तीतल्या दवाखान्याची वेळ संध्याकाळीही ठेवावी का, हे लोकांना विचारायचं होतं. काही घरांना कुलूप असायचं. तीन वेळा जाऊनही कुलूप, म्हणून काकूंनी शेजारच्या घराचीच माहिती भरून टाकली. संख्या बरोबर, रकाने भरलेले, साहेब खूश. निकाल निघाला की दुपारची वेळ पुरेशी आहे, संध्याकाळची गरज कुणालाच नाही.

"कुलूप का होतं?" त्यांनी मला विचारलं.

"घरातले कामाला गेलेले."

"मग संध्याकाळचा दवाखाना कुणाला हवा होता?"

त्या वस्तीत पुढे नऊ वर्षं दवाखाना चारला बंद होत राहिला, आणि काकू त्याच रस्त्याने कामावर जात-येत राहिल्या. हे सांगताना त्यांनी पेनचं टोपण तीनदा काढलं आणि लावलं. एवढ्या महिन्यांत त्यांचा अस्वस्थपणा मी पाहिला तो तेवढाच.

"संख्या सारखी करून काय होणार?" त्या म्हणाल्या. "संख्या बिघडली हा रोग नाही रे, ताप आहे. तू थर्मामीटर पाण्यात बुडवून आणलास."

मग आम्ही शोधायला बसलो. शोधणं त्या करत होत्या, मी नुसता घामेजलेला. पहिली गोष्ट त्यांनी पाहिली ती नाण्याची. गट पाडायचं काम आमच्याकडचा सर्व्हर करतो, त्याची वेगळी नोंद असते. तिथे ए ला चाळीस हजार एकशे बारा आणि बी ला एकोणचाळीस हजार आठशे अठ्ठ्याऐंशी माणसं दिली होती. फरक दोनशे चोवीसचा, अगदी नशिबाचा वाटावा असा. म्हणजे नाणं खोटं नव्हतं. पण निकालात आपण मोजतो ती माणसं दुसरीच. पान पूर्ण उघडलं की त्या माणसाचा फोन आमच्याकडे "दिसलं" असा निरोप पाठवतो, आणि असे निरोप आलेलेच निकालात धरले जातात. ए गटात निरोप न आलेले पाचशे बहात्तर होते. कुणाचं नेट गेलं, कुणी कंटाळून बाहेर पडलं, तेवढे असायचेच. बी गटात निरोप न आलेले पंधराशे अठ्ठ्याहत्तर.

"हे हजार तुझ्या पानाने खाल्ले," काकू म्हणाल्या. "आता ते कोण, ते बघू."

त्यांनी फोनच्या कंपनीप्रमाणे वाटणी करून पाहिली. काही नाही. ॲपच्या आवृत्तीप्रमाणे, काही नाही. दिवसाच्या वेळेप्रमाणे, काही नाही. माझ्या मनात वेडी आशा यायला लागली की काही सापडणारच नाही. मग त्यांनी फोनमधल्या अक्षरांच्या आकाराप्रमाणे वाटणी केली. साध्या अक्षरांत दोन्ही गट शेजारी शेजारी उभे. आणि सगळ्यांत मोठी अक्षरं ठेवणाऱ्यांत ए गटातले हजारएक जण हजर, बी गटातलं जवळजवळ कुणीच नाही.

मी माझा फोन काढला, अक्षरं सगळ्यांत मोठी केली आणि माझंच पान उघडलं. पांढरं. वेळेचे चौकोन अक्षरांच्या मापाने बसवायचं गणित मी फार हौसेने लिहून घेतलं होतं. मोठी अक्षरं आली की ते गणित चौकोन मोठे करायचं, चौकोन मावेनात म्हणून लहान करायचं, मग अक्षरं मावेनात म्हणून परत मोठे करायचं, आणि त्या गोल गोल फिरण्यात पान कधी उघडायचंच नाही. पान उघडलं नाही म्हणून निरोप नाही, निरोप नाही म्हणून माणूस मोजणीतच नाही. पाच महिने मी हे पान घासूनपुसून पाहत होतो, पण मोठी अक्षरं करून एकदाही पाहिलं नव्हतं.

आणि मोठी अक्षरं कोण ठेवतं? ज्यांना दिसत नाही ते. वयस्कर माणसं. जुन्या पानावरही त्यांच्यातले शंभरात तीसच जण वेळ ठरवू शकायचे. ते ए गटाची सरासरी खाली ओढत होते, बी गटात मात्र ते नव्हतेच. नापास होणाऱ्या मुलांना परीक्षेलाच बसू दिलं नाही की शाळेचा निकाल वाढतोच. वाटून दिलेली सगळी माणसं धरून काकूंनी पुन्हा भागाकार केला. जुनं पान एकसष्टच्या किंचित वर, नवं साठच्या किंचित वर. माझं पान जिंकलं नव्हतं. ते हरत होतं.

काकूंनी खुर्ची जागेवर लावली. मी विचारलं, उद्या कॅप्टनला तुम्ही सांगणार का. त्या म्हणाल्या की दिव्याबद्दल त्या सांगतील, ते त्यांचं काम. "बाकी निकाल तुझा आहे. तूच सांग."

त्या संध्याकाळी घरी बायकोने माझ्या आवडीची भाजी केली होती आणि मी अर्धं ताट सोडून उठलो. मी तिला सांगितलं की डोकं दुखतंय.

बैठकीत आम्ही पाच जण होतो. कॅप्टनने हिरवा दिवा पडद्यावर दाखवला आणि माझं अभिनंदन करायला तोंड उघडलं. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. मला राग आला, त्यांचा आणि माझा आणि त्या गुळगुळीत टेबलाचासुद्धा. मग मी म्हणालो की हा दिवा मी हिरवा केलाय. कसा केला, का केला, आणि हजार लोकांना चौदा दिवस कोरं पान दिसत होतं, हे सगळं एका दमात सांगितलं. शेवटी श्वास पुरला नाही.

कॅप्टनने पडद्यावरचा निकाल बंद केला. मग त्याने काकूंना विचारलं की हे तुम्हाला कधी कळलं. काल पाचला, त्या म्हणाल्या. मग काल का नाही सांगितलंत? "कारण त्याला स्वतःच सांगायचं होतं," काकू म्हणाल्या. माझी बाजू घेणारं त्यांचं वाक्य तेवढंच, आणि तेही खरं नव्हतं. आकड्यांच्या बाहेर त्यांनी केलेली ही एकच अफरातफर मला माहीत आहे.

कायम नेमणूक राहिली बाजूला. पान दुरुस्त करून पुन्हा मोजायचं, त्यासाठी तीन महिने करार वाढवून मिळाला, आणि डेटाला हात लावायची माझी परवानगी काढून घेतली. प्रयोग त्याच तासाला बंद झाला. न दिसलेल्यांना सपोर्टकडून फोन जावेत असं ठरलं. काकू म्हणाल्या की त्यातले चाळीस याला द्या.

चाळीस फोन केले. अर्ध्यांनी उचलला नाही, चौघांना मी काही विकतोय असं वाटलं. सव्विसाव्या फोनवर एक आजी होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ हवी होती त्यांना. दोन आठवडे रोज सकाळी ॲप उघडायच्या, पांढरं दिसलं की बंद करायच्या. शेवटी चालत जाऊन दवाखान्यात तीन तास बसून आल्या.

"आजी, तुम्ही तक्रार का नाही केलीत?" मी विचारलं.

"मला वाटलं, माझंच काही चुकत असेल," त्या म्हणाल्या. "मुलाला विचारलं तर तो चिडतो. तू कोण बोलतोयस?"

"ते पान मीच बनवलंय."

"मग बाळा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे तूही जाऊन ये," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला. मी उरलेले चौदा फोन केले.

त्या दिवशी घरी जाताना मी दोन थांबे आधी उतरलो आणि चालत गेलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं की मी कायम झालेलो नाही, कधीच झालो नव्हतो. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने हातातली चादर पूर्ण घडी केली, ठेवली, आणि म्हणाली, "सांगितलंस त्या दिवशी तू एकदाही हसला नाहीस. तेव्हाच वाटलं होतं, काहीतरी गाळून सांगतोयस." मग मात्र ती रागावली, नीट रागावली, आणि ते ऐकताना माझा पाय दोन आठवड्यांत पहिल्यांदा स्थिर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चहाच्या यंत्रापाशी भेटल्या. मी अगदी हलका झालो होतो. सांगून टाकलं की घरी खोटं बोललो होतो आणि आता तेही निस्तरलं, सगळ्यांना सांगून झालं. त्यांनी कप उचलला, फुंकर घातली.

"सगळ्यांना?" त्या म्हणाल्या. "कोण राहिलं?"

कोणीच नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला ते "शाब्बास" आठवलं. अजून बाबा गल्लीत तेच सांगत फिरत असणार. काकू वाट पाहत उभ्या होत्या, केकपाशी उभ्या राहायच्या तशाच. मी चहा तिथेच ठेवला, जिन्यात गेलो आणि बाबांना फोन लावला.